नावाने शोधणारे येतात कुठून? लाकडी घाण्याच्या तेलाच्या एका ब्रँडचं प्रकरण

पुण्यातल्या धायरीत लाकडी घाण्यावर तेल काढून स्वतःच्या वेबसाइटवरून राज्यभर पाठवणाऱ्या एका कुटुंबाच्या जाहिरातींचं काम मी पाहतो. ब्रँडचं नाव सांगत नाही आणि आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, पण त्यांचं आपसातलं प्रमाण खरं आहे. व्यवसाय ताईंचा. हिशेब त्यांचा भाचा पाहतो, नुकताच सीए झालेला. या प्रकरणाची सुरुवात त्यानेच केली आणि त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

डिसेंबरचा हिशेब असा होता. साइटवरची एकूण विक्री पंधरा लाख. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर नव्या लोकांना दाखवायच्या जाहिराती, म्हणजे प्रॉस्पेक्टिंग, यांवर दोन लाख खर्च झाले आणि त्यांच्या नावावर विक्री लागली फक्त एक लाख वीस हजारांची. साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा दाखवायच्या जाहिरातींवर, म्हणजे रिटार्गेटिंगवर, चाळीस हजार खर्चून दोन लाखांची विक्री. गूगलवर ब्रँडचं नाव टाइप करणाऱ्यांना दिसणाऱ्या जाहिरातीवर, म्हणजे ब्रँड सर्चवर, तीस हजार खर्चून चार लाख वीस हजारांची. बाकीची विक्री थेट आलेल्यांची, गूगलच्या मोफत निकालांतून आलेल्यांची आणि व्हॉट्सअ‍ॅप व फोनवरची.

एका रुपयाच्या जाहिरातीमागे किती रुपयांची विक्री, या गुणोत्तराला आमच्या धंद्यात रोआस म्हणतात. ब्रँड सर्चचा रोआस चौदा, रिटार्गेटिंगचा पाच आणि प्रॉस्पेक्टिंगचा ०.६. भाचा म्हणाला, "मावशी, या दोन लाखांत आपण रुपयाला साठ पैसे कमावतोय, तेही माल आणि कुरिअर धरण्याआधी. हे बंद करू आणि चौदा देणाऱ्याचं बजेट दुप्पट करू."

मी विरोध केला, पण दाखवायला माझ्याकडे पुरावा नव्हता. "हेलो इफेक्ट असतो, जाहिरात पाहिलेले लोक नंतर दुसऱ्याच वाटेने येऊन घेतात" एवढं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रॉस्पेक्टिंग बंद झालं.

बंद केल्यावर काय दिसलं

पहिले दोन आठवडे विक्री जवळपास तेवढीच राहिली आणि खर्च मात्र एकदम उतरला. अशा वेळी सगळ्यांचा समज होतो की निर्णय बरोबर होता. तिसऱ्या आठवड्यापासून दोन गोष्टी हलू लागल्या, आणि त्या कुठे पाहायच्या हे माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण रोआसच्या रकान्यात त्या दिसत नाहीत.

पहिली गोष्ट रिटार्गेटिंगची. आमची यादी होती गेल्या तीस दिवसांत साइटवर आलेल्यांची. नवे लोक येणं थांबल्यावर ती यादी आटत गेली आणि उरलेल्या त्याच लोकांना तीच जाहिरात पुन्हापुन्हा दिसू लागली. आधी एका माणसाला आठवड्यात साधारण चार वेळा दिसायची, ती नऊवर गेली.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. ब्रँड सर्चचं बजेट दुप्पट केलं होतं, तरी खर्च तीस हजारांवरून बावीस हजारांवर आला. ही जाहिरात फक्त नाव टाइप करणाऱ्यालाच दिसते. टाइप करणारे कमी झाले तर बजेट कितीही वाढवा, खर्चच होत नाही. आणि रोआस? तो चौदाच राहिला. नाव टाइप करून आलेला माणूस विकत घ्यायच्या तयारीनेच येतो, त्यामुळे दहा आले काय नि सहा आले काय, गुणोत्तर बदलत नाही. बदलते ती संख्या. भाच्याच्या शीटमध्ये संख्येचा रकानाच नव्हता.

फेब्रुवारीची विक्री अकरा लाखांवर आली. एका महिन्यात आलेले नवे फोन नंबर, म्हणजे नवे ग्राहक, तीनशे दहावरून एकशे वीसवर.

पण भाच्याची बाजूही नीट ऐकायला हवी. विक्री चार लाखांनी घटली. माल, डबा, कुरिअर वजा जाता विक्रीतले तीस टक्के उरतात, म्हणजे नुकसान एक लाख वीस हजारांचं. जाहिरातीचे दोन लाखांहून जास्त वाचले. त्या महिन्याच्या नफ्यात तर भरच पडली होती. शिवाय त्याचं म्हणणं होतं, "संक्रांत झाली की बाजार थंडावतोच." तेही खोटं नव्हतं. डिसेंबरची फेब्रुवारीशी तुलना करून हेलो सिद्ध होत नाही.

माणूस मधेच कुठे हरवतो

तेल ही पाहिली आणि घेतली अशी वस्तू नाही. पाच लिटर शेंगदाणा तेलाचा डबा रिफाइंडच्या दुपटीच्या आसपास जातो. जाहिरात पाहणारी बाई ती दुपारी इन्स्टाग्रामवर पाहते, सासूबाईंशी बोलते, नाव घरच्या ग्रुपवर टाकते. घरातलं तेल संपायला अजून आठ-दहा दिवस असतात. मग एके दिवशी नवरा लॅपटॉपवर गूगलमध्ये नाव टाइप करतो आणि ऑर्डर देतो.

या प्रवासात मोजणी तीन ठिकाणी तुटते. जाहिरातीवर क्लिक झालंच नाही, नुसती पाहिली गेली, तर गूगल अ‍ॅनालिटिक्सला ती दिसतच नाही, कारण ते साइटवर पोहोचलेल्यांनाच मोजतं. क्लिक झालं तरी इन्स्टाग्राम साइट आपल्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. त्या ब्राउझरची कुकी फोनवरच्या क्रोमला ठाऊक नसते, मग लॅपटॉपला कुठून असणार? आणि इन्स्टाग्राम-फेसबुक चालवणाऱ्या मेटाची मूळ सेटिंग क्लिकनंतर सात दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतर एक दिवस इतकीच मोजते. तेल संपायला दहा दिवस लागले तर ती विक्री मेटाच्या हिशेबातूनही बाहेर जाते.

थेट भेटींबद्दल एक बारकावा सांगतो, कारण तो बऱ्याच जणांकडून सुटतो. अ‍ॅनालिटिक्समध्ये `(direct) / (none)` अशी ओळ दिसते. त्याच ब्राउझरवर तो माणूस आधी एखाद्या जाहिरातीतून आला असेल, तर अ‍ॅनालिटिक्स शक्यतो श्रेय त्या जुन्या स्रोताला देतं, डायरेक्टला देत नाही. म्हणजे डायरेक्टमध्ये उरतात ते ज्यांच्याबद्दल त्या ब्राउझरला आधीचं काहीच आठवत नाही असे लोक. नवा माणूस डायरेक्टमध्ये दिसला तर नाव त्याला कुठून तरी कळलंच असणार, फक्त ते दुसऱ्या पडद्यावर कळलं.

चाचणी कशी लावली

डॅशबोर्डवर वाद घालून निष्पन्न काही होणार नव्हतं. मी ताईंना म्हटलं, काही शहरांत प्रॉस्पेक्टिंग सुरू करू, तशाच दुसऱ्या काही शहरांत बंदच ठेवू, आणि मोजू मात्र एकूण ऑर्डरी, त्या कुठूनही येवोत. ताईंनी एकच विचारलं, "यात माझे किती जातील?" दीड लाख, सहा आठवड्यांत. त्यांनी होकार दिला.

पुणे आणि मुंबई मी चाचणीबाहेर ठेवली, दोन्हीकडे प्रॉस्पेक्टिंग बंदच. पुण्यात धायरीचं दुकान आहे, तोंडी प्रसिद्धी आहे, आणि पुण्यातली मुलं सोलापूर-नगरच्या आईवडिलांना तेल पाठवतात. पुण्यात जाहिरात सुरू असती तर तिचा परिणाम सोलापूरच्या पत्त्यावर उमटला असता. शहर आतून विभागायचंही सोडून दिलं. मेटाचं ठिकाण निवडणं तिथे राहणाऱ्यांबरोबर नुकतेच तिथे येऊन गेलेल्यांनाही धरतं, आणि पिंपरीत राहून हिंजवडीत कामाला जाणारा माणूस दोन्हीकडे सापडतो.

सुरू ठेवली नाशिक, कोल्हापूर आणि नागपूर. बंद ठेवली छत्रपती संभाजीनगर, सोलापूर आणि अमरावती. सांगली मुद्दाम घेतली नाही, ती कोल्हापूरला फार चिकटून आहे. दोन गट निवडताना पाहिलं ते एवढंच की आधीच्या आठवड्यांत त्यांच्या ऑर्डरींचा चढउतार साधारण बरोबरीने होतो का. लोकसंख्या सारखी असण्यापेक्षा याला जास्त महत्त्व आहे.

मोजणीचा आधार ऑर्डरीच्या रजिस्टरमधला डिलिव्हरीचा पिनकोड. जाहिरातीचा प्लॅटफॉर्म काय सांगतो याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि त्यातच त्याची किंमत आहे. मात्र पहिले तीन आकडे पाहून गट पाडू नयेत. ४१६ मध्ये कोल्हापूरबरोबर सांगलीही येते आणि ४१३ मध्ये सोलापूरबरोबर लातूरकडचा भागही. आम्ही सहा आकडी पिनकोडची यादी बसून केली.

दुसरं माप नावाच्या शोधांचं. साइट कुठल्या शोधांत दिसली हे सांगणारं गूगलचं सर्च कन्सोल शोधांचे आकडे देशापर्यंतच तोडून देतं, शहरवार देत नाही. म्हणून गूगल अ‍ॅड्समधल्या ब्रँड जाहिरातीचे शहरवार इंप्रेशन घेतले, म्हणजे नाव टाइप झाल्यावर ती किती वेळा दिसली. याला एक अट आहे. जाहिरात जवळजवळ प्रत्येक शोधाला दिसत असली पाहिजे. बजेट अपुरं असेल तर इंप्रेशन बजेटाप्रमाणे हलतात, शोधांप्रमाणे नाही. आमचा हिस्सा नव्वद टक्क्यांच्या वर होता. आणि कीवर्डमध्ये नावाची सगळी रूपं घातली होती: देवनागरी, इंग्रजी, आणि लोक लिहितात ती चुकीची स्पेलिंगं. पहिल्या यादीत देवनागरी राहून गेली होती. ती घातल्यावर शोधांची मूळ संख्याच जवळपास पंचवीस टक्क्यांनी वाढली. हे चाचणीच्या मधे लक्षात आलं असतं तर सगळं वाया गेलं असतं.

जानेवारीतल्या बंदीचा परिणाम ओसरेपर्यंत थांबलो. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासूनचे सहा आठवडे पाया म्हणून धरले आणि मार्चच्या मध्यावर जाहिराती सुरू केल्या, त्याच जुन्या व्हिडिओंसह, जुन्या ग्राहकांची यादी वगळून. सहा आठवडे, म्हणजे लोणच्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत चाचणी संपणार होती. मधे गुढीपाडवा येत होता, पण तो दोन्ही गटांना सारखाच.

आकडे

पायाच्या सहा आठवड्यांत सुरू गटाच्या ऑर्डरी होत्या २४० आणि बंद गटाच्या २००. चाचणीच्या सहा आठवड्यांत बंद गट २१० वर गेला, म्हणजे पाडव्यामुळे किंवा एरवीच पाच टक्क्यांनी वाढला. जाहिरात नसती तर सुरू गटही तेवढाच वाढला असता असं धरलं तर तो २५२ वर जायला हवा होता. तो गेला ३८७ वर. वाढीव ऑर्डरी १३५.

या १३५ ऑर्डरी रजिस्टरमध्ये कुठल्या वाटेने आलेल्या दिसतात, हे पाहण्यासारखं आहे. थेट जाहिरातीच्या क्लिकवरून ४२. नावाच्या शोधातून, पैशाचा आणि मोफत धरून, ५१. डायरेक्टमधून २७. व्हॉट्सअ‍ॅप आणि फोनवरून १५. म्हणजे डॅशबोर्डला दिसली दर तीनांतली जेमतेम एक. सरासरी ऑर्डर सोळाशेची. डॅशबोर्डच्या हिशेबाने दीड लाखांवर सदुसष्ट हजार, रोआस ०.४५. वाढीव ऑर्डरींच्या हिशेबाने दोन लाख सोळा हजार, रोआस १.४४.

एक आक्षेप भाच्याने लगेच घेतला, आणि तो योग्यच होता. त्या ४२ मधले काही जण एरवीही नाव टाइप करून आलेच असते ना? असतीलही. पण तसं असेल तर नावाच्या शोधातल्या ऑर्डरी त्या प्रमाणात घटायला हव्यात, आणि बेरीज आपोआप दुरुस्त होते. म्हणूनच बेरीज आधी घ्यायची आणि वाटणी नंतर पाहायची. वाटणीतला एकेक आकडा अंदाजाचा आहे.

नावाच्या शोधांचा आलेखही याच दिशेने गेला. सुरू गटात आठवड्याला साधारण २१० इंप्रेशन होती, ती शेवटच्या आठवड्यांत ३४० च्या आसपास स्थिरावली. बंद गट १८० च्या आसपासच राहिला. पहिल्या आठवड्यात काहीच हललं नाही, खरी चढण तिसऱ्या आठवड्यात दिसली. चाचणी दोन आठवड्यांत गुंडाळली असती तर उत्तर "हेलो नाही" असं आलं असतं.

आता या १३५ ची खात्री किती? एवढ्या छोट्या संख्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. ऑर्डरींच्या नुसत्या नैसर्गिक चढउताराचा साधा हिशेब केला तरी खरी वाढ साधारण ६५ ते २०५ मध्ये कुठेही असू शकते. म्हणजे रोआस ०.७ ते २.२. वाढ शून्य नाही एवढं ठामपणे सांगता येतं. ती नेमकी किती, हे नाही. मी ताईंना हा पट्टा तसाच दाखवला. एकच आकडा दाखवला असता तर ऐकायला बरं वाटलं असतं, पण त्याच्या जोरावर बजेट ठरवणं धोक्याचं होतं.

आणि तरीही पहिल्या ऑर्डरीत तोटाच

रोआस १.४४ हा काही विजय नव्हता. सोळाशेच्या ऑर्डरीत उरतात ४८० रुपये. १३५ ऑर्डरींचे होतात पासष्ट हजार, आणि खर्च दीड लाख. फेब्रुवारीत नफा वाढलेला का दिसला, त्याचं उत्तर इथे आहे. हेलो पूर्ण धरला तरी पहिल्या डब्यात पैसे सुटत नाहीत.

ते सुटतात दुसऱ्या-तिसऱ्या डब्यात. मागच्या वर्षीच्या रजिस्टरमध्ये फोन नंबरवरून मोजलं, तर एक नवा ग्राहक पहिल्या बारा महिन्यांत सरासरी तीन ऑर्डरी देतो. तीन गुणिले ४८० म्हणजे १,४४० रुपये. एक नवा ग्राहक याहून महाग पडू नये. डॅशबोर्डप्रमाणे एक ऑर्डर पडत होती ३,५७१ रुपयांना, भाचा घाबरला तो या आकड्याला. वाढीव हिशेबाने ती पडते १,१११ ला. वाढीव ऑर्डरींतल्या बहुतेक नव्या नंबरांच्या होत्या, थोड्या जुन्या ग्राहकांच्या. त्यांना यादीतून वगळलं होतं, पण घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर जाहिरात दिसून आठवण झाली असावी. ते धरून नवा ग्राहक आणखी थोडा महाग पडतो, तरी मर्यादेच्या आत. मात्र खरी वाढ पट्ट्याच्या खालच्या टोकाला असेल, तर हा खर्च वर्षभरातही वसूल होत नाही.

म्हणून मी जुने दोन लाख परत मागितले नाहीत. महिन्याला एक लाख वीस हजारांवर सुरू केलं. सरासरी ग्राहक १,१११ चा असला तरी बजेट वाढवताना येणारा शेवटचा ग्राहक सरासरीपेक्षा महाग असतो, आणि आमच्याकडे मोकळी जागा थोडीच होती.

हेलो हे नाव घेऊन वाईट जाहिराती चालू ठेवणाऱ्या एजन्सी मी पाहिल्या आहेत, आणि त्याचा मला राग येतो. डॅशबोर्डवर विक्री नाही म्हणून "ब्रँड बनतोय" असं सांगितलं जातं. ते खरं असेल तर त्या शहरातले नावाचे शोध वाढायला हवेत. चार-पाच आठवड्यांत ते हलले नाहीत तर हेलो नाही, विषय संपला. ताईंच्याच जुन्या व्हिडिओंत एक असा होता की त्यात घाण्याच्या बैलाचं दृश्य सुंदर, क्लिक स्वस्त, पण नाव शेवटच्या दोन सेकंदांत येतं. लोकांना बैल लक्षात राहिला असेल, गूगलमध्ये टाइप करायला नाव नव्हतं. तो काढून टाकला.

ब्रँड सर्चचंही एकदा तपासून घ्यावं असं वाटलं. २०१२ मध्ये ईबेने याहू आणि एमएसएनवर आपल्या नावावरच्या जाहिराती थांबवून पाहिल्या, तेव्हा त्या जाहिरातींवर होणारे ९९.५ टक्के क्लिक मोफत निकालांतून तसेच येत राहिले होते. आम्ही नागपूर आणि अमरावतीत दहा दिवस ब्रँड जाहिरात बंद केली. ऑर्डरींत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडला नाही. पुण्यात मात्र आमच्या नावावर दुसरे घाणेवाले बोली लावतात, तिथे ती चालू आहे. चौदाचा तो रोआस बराचसा दुसऱ्याने आणलेल्या माणसाची नोंद करणारा होता.

आता भाच्याच्या शीटमध्ये दोन रकाने वाढले आहेत: आठवड्याचे नवे फोन नंबर, आणि शहरवार नावाचे शोध. प्रॉस्पेक्टिंगच्या डॅशबोर्डवरच्या ऑर्डरींना तो सध्या ३.२ ने गुणतो, म्हणजे १३५ भागिले ४२. हा गुणक त्याच शहरांसाठी, त्याच व्हिडिओंसाठी आणि तेवढ्याच खर्चासाठी खरा आहे. दिवाळीच्या फराळाच्या महिन्यात तो वापरायचा नाही असं आम्ही ठरवलंय, आणि दिवाळीनंतर गट उलटे करून, म्हणजे संभाजीनगर, सोलापूर, अमरावतीत सुरू आणि उरलेल्या तिघांत बंद ठेवून, पुन्हा मोजणार आहोत.

पुण्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. इथे लोक रील पाहून साइटवर न जाता सरळ धायरीला दुकानात येतात, आणि त्या विक्रीला पिनकोड नसतो. गेल्या महिन्यापासून काउंटरवरच्या मुलीकडे एक वही दिली आहे. नवं गिऱ्हाईक आलं की ती विचारते, "नाव कुठे ऐकलंत?" आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते.